बुटकी खाट

नागेंद्रला थांबता येत नाही, हे कमलनगरच्या स्टँडवर कुणीही सांगेल. औरादची जीप भरायला पाच मिनिटं जास्त लागली की हा स्टीअरिंगवर बोटं बडवायला लागतो, आणि दहा मिनिटं झाली की दोन सीट रिकाम्या ठेवून निघतो. एकदा स्वतःचा सासरा सोडा पीत होता, त्याला तसाच मागं ठेवून गेला. सासरा पुढच्या जीपनं आला आणि महिनाभर जावयाशी बोलला नाही. मी नागेंद्रची शेजारीण, राजूबाई. एकतीस वर्षं अंगणवाडी चालवली. हाही माझ्याच अंगणवाडीत होता, आणि तेव्हाही खिचडीच्या ओळीत उभं राहणं त्याला जमत नव्हतं. त्यामुळे ह्या माणसानं लेकीसाठी दाराबाहेर स्टुलावर बसून तोंड मिटून संध्याकाळी काढल्या, हे मी स्वतः पाहिलं नसतं तर कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवला नसता.

त्याचे वडील कल्लप्पा सुतार होते. फार गुणी हात. त्यांचं घर तेव्हा शेताच्या कडेला होतं आणि विंचवांचा सुळसुळाट होता, म्हणून पहिलं मूल झाल्यावर त्यांनी सागवानाची एक कठड्याची खाट केली. चारी बाजूंनी कठडा, गजांमध्ये तीन बोटांचं अंतर, म्हणजे पोराचं डोकं अडकायला नको. आडव्या फळ्यांना दोन खाचा : तान्ह्या बाळासाठी गादी वर, आणि पोर उभं राहायला लागलं की खाली. नागेंद्र तीत झोपला, मग त्याची बहीण मल्लेश्वरी झोपली. मधल्या काळात खाट चुलतभावांच्या घरी जाऊन आली. खाटेच्या पायांवर आतल्या बाजूला प्रत्येक पोराचं नाव कोरलेलं आहे.

त्या खाटेची एक रीत कल्लप्पांनीच घालून दिली होती. खाट पुढच्या बाळाकडे द्यायची ती जुन्या पोराच्या हातून. त्यानं आपल्या हातानं बाळाची उशी आत ठेवायची. आणि रडत्या पोराकडून खाट न्यायची नाही. कल्लप्पा जाऊन सहा वर्षं झाली, पण ही रीत घरात कुणी मोडली नव्हती.

खाटेत आता नागेंद्रची पिंकी झोपत होती. आमच्याकडे लेकरं आईच्या कुशीतच झोपतात, पण पिंकीची आई चैत्रा दवाखान्यात सिस्टर आहे आणि महिन्यातले आठ-दहा दिवस तिला रात्रपाळी असते. नागेंद्र गाढ झोपणारा, आडवातिडवा हातपाय टाकणारा. त्याच्याजवळ तान्हं पोर ठेवायला चैत्रा तयार नव्हती. तेव्हा पिंकी पहिल्यापासून खाटेत, आणि तिला झोपवायचं काम नागेंद्रचं. तो आठच्या आत घरी यायचा, गल्लीच्या तोंडाशी दोनदा हॉर्न वाजवायचा, आणि पिंकी असेल तशी दाराकडे पळायची. त्या दोन हॉर्नवर त्या माणसाचा दिवस गोड व्हायचा.

पिंकीला दोन वर्षं चार महिने झाले तेव्हा एका सकाळी चैत्रा माझ्याकडे आली.

"राजूमावशी, पिंकीनं आज कठड्यावर पाय टाकला बगा. गादी तर कवाच खाली केलीय. आता वरचा गज तिच्या छातीखाली येतोय. आज न्हाई उद्या ती वरून पडंल."

"मग काढ की तिला खाटंतून," मी म्हणाले.

"तेच म्हनायलेव. आत्ताच काडावं. मल्लेश्वरीचं बाळ यायला चार महिने हायती. तवर हिला नव्या जागंची सवय हुईल. बाळ आल्यावर काडलं तर तिला वाटंल, ह्या बाळानं आपली जागा घेतली."

पोरीचं बोलणं शंभर टक्के बरोबर होतं. मीही प्रशिक्षणात हेच शिकले होते. पण घरात पार्वतम्मा होती, नागेंद्रची आई.

"बाळ यायच्या आदी रिकामी खाट घरात मांडून ठिवायची न्हाई," ती म्हणाली. "मल्लीचं दोनदा न्हाई राह्यलं. आता तिसऱ्यांदा देवानं दिलंय. मी काई रिकामी खाट बगणार न्हाई."

मल्लेश्वरी मंठाळला दिलेली. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि दोन वेळा तिची कूस रिकामी झाली होती. चैत्रानं विषय सोडला. मी तर उलट पार्वतम्माच्या बाजूनं मान हलवली, आणि ती मान हलवल्याची लाज मला अजून वाटते. कारण खाट रिकामी दिसू नये एवढंच होतं, तर ती खोलून माळ्यावर ठेवता आली असती. हे साधं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. नागेंद्र म्हणाला, "बाळ आलं की बगू. एका दिवसात हुतंय," आणि जीप घेऊन निघून गेला.

पोर चढू लागलं म्हणून त्यानं तोवर खाटेभोवती गाद्या अंथरल्या. पिंकी त्यांच्यावर उतरून सकाळी स्वयंपाकघरात हजर व्हायची. घरात सगळ्यांना त्याचं कौतुक वाटायचं. चैत्राला मात्र धडधडायचं.

सातव्या महिन्यात मल्लेश्वरी माहेरी आली. पुढे देवाच्या दयेनं मुलगा झाला. घरात आनंदीआनंद. आणि बारशाच्या दिवशी, घरात तीस पाहुणे असताना, नागेंद्रनं पिंकीचं बोट धरलं, तिची उशी उचलली आणि तिला बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर बसवलं.

"तू आता मोठी झालीस. ही तुजी जागा. खाट बाळाची."

पिंकीला वाटलं गंमत आहे. ती दिवाणावर उड्या मारत राहिली. दुपारी मात्र तिला तिथं निजवलं आणि दोन मिनिटांत ती उतरून आत गेली, थेट खाटेजवळ. त्यानं उचलून आणलं. ती पुन्हा गेली. पाहुण्यांना हसू येत होतं. एका बाईनं तर टाळ्या वाजवल्या. नागेंद्रनं पहिल्यांदा समजावलं, मग बिस्किट दिलं, मग मोबाईल दिला, मग शेजारी आडवा झाला, आणि दहाव्या वेळेला इतक्या जोरात ओरडला की बाळही जागं झालं. एकाच दुपारी त्यानं पाच तऱ्हा केल्या. पोरीला कळलं ते एवढंच की उतरलं की दर वेळी काहीतरी नवीन होतं.

तसेच चार दिवस गेले. पाचव्या दिवशी दुपारी चैत्रा कामावर होती. नागेंद्रला औरादची फेरी गाठायची होती. त्यानं पिंकीला दिवाणावर ठेवलं, आतल्या खोलीचं दार लावून घेतलं, अंगणात आला आणि दाराला बाहेरून कडी लावली.

मी तेव्हा अंगणात गहू निवडत होते. आतून दार बडवल्याचा आवाज येत होता. "अप्पा, अप्पा," एवढंच. नागेंद्र दाराला पाठ लावून उभा होता. मी उठून गेले.

"काड ती कडी."

"पाच मिनिटं मावशी. रडून रडून झोपंल."

मी त्याला ढकलून कडी काढावी, एवढ्यात आतला आवाज बंद झाला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, जिंकल्यासारखं. कडी काढून दार लोटलं तर दार उघडेना. आतून काहीतरी अडलं होतं. त्यानं फटीतून हात घालून चाचपलं. पिंकी दाराला टेकून जमिनीवरच झोपली होती. दार लोटावं तर तिला लागणार. त्यानं बोटांनी तिचा फ्रॉक धरून हळूहळू तिला बाजूला सरकवलं, तेव्हा कुठं आत जाता आलं. तिच्या गालावर दाराच्या चौकटीचा वळ उठला होता.

त्या संध्याकाळी त्यानं गल्लीच्या तोंडाशी दोनदा हॉर्न वाजवला. पिंकी दाराकडे गेली नाही. ती उठून आजीच्या मागं जाऊन उभी राहिली.

मल्लेश्वरीनं हे सगळं बाळंतिणीच्या खोलीतून ऐकलेलं होतं. ती भावाला म्हणाली, "अण्णा, रडत्या पोरीची खाट मला नगं. माजं लेकरू माज्या बाजूला येगळ्या गादीवर हाय, त्येला काय कमी हाय? तिसऱ्या महिन्याच्या शेवटाला मी मंठाळला जायलेव. तवर पिंकीनं आपल्या हातानं दिली तर निऊ. न्हाई तर आपल्या अप्पाची खाट हितंच राहू दे."

आठ वर्षं तिनं त्या खाटेकडे कशा नजरेनं पाहिलं होतं ते सगळ्या घराला माहीत होतं. नागेंद्र उठून माझ्या अंगणात आला आणि जात्याजवळ उकिडवा बसला.

"मावशी, मी कडी कामून लावली?"

"घाई होती म्हणून," मी म्हणाले. मला त्याची दया आली होती, पण ते मी त्याला लगेच सांगणार नव्हते.

चैत्रानं त्या दिवशी नवऱ्याला एक शब्दही दूषण दिलं नाही. ती एवढंच म्हणाली की आता तिला परत खाटेत ठेवायचं नाही, कारण ती वरून चढते आणि एक दिवस डोकं फुटेल. पण दिवाणही नको. तो उंच आहे, आणि बाहेरच्या खोलीत परका आहे. "तिच्या वळकीच्या कोपऱ्यात, जमिनीलगत काईतरी पायजे. आनि घाई न्हाई. बाळाला खाट आत्ता लागतच न्हाई."

नागेंद्रनं वडिलांची हत्यारं बारा वर्षांत हातात घेतली नव्हती. सुतारकीत फार थांबावं लागतं, म्हणून तर तो जीपकडे गेला होता. कल्लप्पांना त्याचं दुःख होतं. आता त्यानं माळ्यावरून पेटी काढली, रंध्याचं पातं घासलं आणि आठ दिवस दुपारची फेरी सोडून अंगणात एक खाट केली. वीतभर उंचीची. एक बाजू भिंतीला, दुसऱ्या बाजूला डोक्याकडं अर्धा कठडा, आणि पायाकडची बाजू मोकळी, म्हणजे पोरीला आपलं आपण चढता-उतरता यावं. कडा सरळ आल्या नव्हत्या. कल्लप्पांनी पाहिली असती तर दोन शिव्या घातल्या असत्या आणि मग रात्री पार्वतम्माला दाखवली असती.

पिंकी पहिले दोन दिवस लांबून बघत होती. तिसऱ्या दिवशी त्यानं तिच्या हातात काचकागदाचा तुकडा दिला. ती घासायला बसली. एकाच जागी, तासभर. त्या खाटेच्या पायावर अजून तो गुळगुळीत खड्डा आहे. मग दुकानातून चादर तिनंच निवडली, पिवळी, वर बदकं.

बुटकी खाट आतल्या खोलीत, कठड्याची खाट होती त्याच कोपऱ्यात ठेवली. गोधडी तीच, उशी तीच, कोपऱ्यातला बारका दिवाही तोच. कठड्याची खाट खोलून माळ्यावर गेली, आणि ह्या वेळी पार्वतम्माही काही बोलली नाही. रात्री पोर मोकळं फिरणार म्हणून चैत्रानं कपाट भिंतीला पट्टीनं आवळून घेतलं, औषधाचा डबा वर ठेवला, प्लगच्या भोकांना झाकणं लावली. दाराला कडी नाही. नागेंद्रनं चौकटीत कमरेएवढं एक फाटक बसवलं. पोरीला पलीकडचं दिसावं, आवाज द्यावा, पण चुलीकडे आणि रस्त्याकडे जाता येऊ नये. पिंकीला आतून ते उघडता येत नव्हतं, पण मोठ्या माणसाला एका बोटानं उघडत होतं.

आधी आठवडाभर फक्त दुपारची झोप तिथं. मग रात्रीची. रोज तेच : हात-पाय धुवायचे, दूध, दात, एक गोष्ट, आणि "झोपायची वेळ झाली." नियम चैत्रानं घालून दिला होता. पोरगी उठून फाटकाशी आली की हात धरायचा, परत न्यायचं, पांघरूण घालायचं, बाहेर यायचं. पहिल्यांदा एकदाच ते वाक्य म्हणायचं. नंतर एक अक्षर बोलायचं नाही. रागवायचं नाही, हसायचं नाही, लाडू द्यायचा नाही. पाणी हवं असेल, शी-शू असेल, अंगात ताप असेल तर गोष्ट वेगळी. बाकी दर वेळी तेच आणि तसंच, मग घरात कुणीही असो.

पहिल्या संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्याकडे बसले होते. नागेंद्र फाटकाबाहेर स्टुलावर. पिंकी उठली. त्यानं नेऊन झोपवलं. पिंकी उठली. नेऊन झोपवलं. सातव्या वेळेला त्याची बोटं मांडीवर बडवायला लागली. बाराव्या वेळेला पोरगी फाटकाशी येऊन नाचली. मला हसू आवरेना, तर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी पदर तोंडात कोंबला. तेवीस वेळा. चोविसाव्यांदा उठली नाही. तो तरीही स्टुलावर बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सतरा वेळा. तिसऱ्या दिवशी सव्वीस.

"वाडलं की, मावशी," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

"बगायलीय ती, तू खरंच तसाच राहतोस का ते," मी म्हणाले. "तूबी अंगणवाडीत असंच करायचास."

चौथ्या दिवशी नऊ. पाचव्या दिवशी चार, आणि आम्ही सगळे फुगलो. सहाव्या दिवशी औरादच्या रस्त्यावर जीप पंक्चर झाली, नागेंद्रला उशीर झाला आणि स्टुलावर पार्वतम्मा बसली. तिला नातीची दया आली. तिनं तिला मांडीवर घेतलं आणि बेसनाचा लाडू दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकोणीस. त्या दिवसापासून नागेंद्रनं औरादची शेवटची फेरी दुसऱ्या ड्रायव्हरला देऊन टाकली. स्टँडवर पोरं चिडवायची, "काय नागेंद्र, डुटी लागली का?" तो म्हणायचा, "व्हय, लागलीय." पार्वतम्मानंही लाडवाचा डबा माझ्या घरी आणून ठेवला. ते लाडू मी खाल्ले.

मग उतरत गेलं. सहा. तीन. पाच. दोन. एका संध्याकाळी एकदाही नाही. मधूनच एखाद्या दिवशी पुन्हा उठायची, विशेषतः बाळ रडलं की. तेव्हा तो तिला न बोलता परत न्यायचा. सकाळी मात्र ती उठून फाटकाशी आली की तो तिला उचलून अंगणभर फिरवायचा आणि हवं तेवढं बोलायचा. आणि एका संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी दोन हॉर्न वाजले तेव्हा माझ्या डोळ्यांदेखत ती पोरगी एका पायात चप्पल घालून दाराकडे पळाली. जीप तिथंच रस्त्यात उभी राहिली. मागं एक मोटारसायकलवाला ओरडत होता.

मल्लेश्वरीच्या जाण्याचा दिवस आला. खाट माळ्यावरून काढून, पुसून, जोडून अंगणात ठेवली. गादी वरच्या खाचेत. जीप दाराशी उभी होती, मल्लेश्वरीचा नवरा सामान चढवत होता. आम्ही सगळे गोळा झालो. बाळाची उशी मल्लेश्वरीच्या हातात होती. तिनं ती पिंकीपुढे धरली.

"पिंकी, देतीस का गं माज्या बाळाला?"

पिंकी खाटेजवळ गेली. तिनं कठड्याचा वरचा गज धरला, आत वाकून पाहिलं, आणि फार वेळ तशीच उभी राहिली. पार्वतम्मानं डोळे मिटून घेतले होते. नागेंद्र जागचा हलला नाही. नेहमीचा नागेंद्र असता तर "चल चल, बाळा" करून त्यानं पोरीचा हात पुढे लोटला असता. तो फक्त उभा राहिला. मग पिंकीनं उशी घेतली, टाचा उंचावून आत टाकली, आणि वाकडी पडली म्हणून पुन्हा गजांतून हात घालून सरळ केली. तिचे डोळे कोरडे होते. मल्लेश्वरीनं बाळाला आत ठेवलं. ते आपलं रडायला लागलं. सगळ्या बाया पुढे धावल्या, तर पिंकीनं आम्हाला हातानं अडवलं.

"झोपायची वेळ झाली," ती बाळाला म्हणाली. एकदाच. मग तोंडावर बोट ठेवून आमच्याकडे वळून बघितलं.

मल्लेश्वरी रडत रडत हसली. कल्लप्पांची अट पोराच्या रडण्याची होती, आईच्या नव्हे. पण नागेंद्रही रडत होता. एवढा थोरला माणूस, जीपच्या दाराला धरून, पोरासारखा हुंदके देत. मेव्हणा म्हणाला, "अवो, निगायचं न्हवं का? ऊन हुयलंय."

पिंकीनं बापाकडे पाहिलं. ती त्याच्याजवळ गेली, त्याचं बोट धरलं आणि एक अक्षर न बोलता त्याला घरात घेऊन चालू लागली. तो गेला. मी मागोमाग गेले. आतल्या खोलीत तिनं त्याला बुटक्या खाटेवर झोपवलं. त्याचे पाय गुडघ्यापासून बाहेर आले होते. तिनं गोधडी ओढून त्याच्या छातीवर घातली, फाटकाबाहेर येऊन स्टुलावर चढून बसली आणि त्याच्यावर नजर ठेवली.

बाहेर मेव्हण्यानं दोनदा हॉर्न वाजवला. नागेंद्र उठला नाही.